अपडेटनंतर अ‍ॅप उघडेना? डाऊनलोड केलेली गाणी न गमावता ते असं दुरुस्त करा

चवथीला तीन आठवडे उरले होते. केरीचे एक काका दुपारच्या बसने साखळीला माझ्या दुकानात आले आणि फोन काउंटरवर ठेवून म्हणाले, "बाळा, भजनाची सगळी गाणी ह्यात आहेत. आणि हे उघडतच नाही."

काकांचं भजनी मंडळ आहे. सरावासाठी लागणारे अभंग आणि नाट्यपदं त्यांनी गाण्यांच्या एका अ‍ॅपमध्ये डाऊनलोड करून ठेवली होती. कारण त्यांचं कुळागर अंजुणे धरणाच्या बाजूला आहे आणि पोफळींत शिरलं की रेंज संपते. फोंड्याला राहणाऱ्या मुलाकडे गेले की त्याच्या वायफायवर महिन्याचं डाऊनलोड करून घ्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. आदल्या रात्री अ‍ॅप आपोआप अपडेट झालं आणि सकाळपासून चिन्हावर बोट लावलं की अ‍ॅपचा लोगो क्षणभर दिसायचा आणि लगेच पुन्हा होम स्क्रीन यायची. पुतण्याने सांगितलं होतं की अ‍ॅप काढून पुन्हा टाका, दोन मिनिटांचं काम आहे. काकांनी ते केलं नाही आणि थेट दुकानात आले. म्हणूनच गाणी वाचली.

दुकानात महिन्याला अशी दोन-चार प्रकरणं येतात आणि निम्म्याहून जास्त वेळा फोन माझ्या हातात येईपर्यंत डाऊनलोड गेलेले असतात. बिघाड बहुधा किरकोळ असतो, नुकसान उपायातून होतं. म्हणून काकांचा फोन कसा सुरू केला ते क्रमाने लिहितो. फोन अँड्रॉइडचा आहे असं धरून चाललो आहे. आयफोनबद्दल शेवटाकडे थोडं आहे. गाण्यांचं अ‍ॅप असो की सिनेमा-मालिकांचं, रीत एकच.

आधी कशाला हात लावायचा नाही

डाऊनलोड केलेलं गाणं आपल्याला वाटतं तशी साधी फाईल नसते. ती कुलूपबंद असते. फाईल फोनमध्ये एका जागी, तिची किल्ली दुसऱ्या जागी, आणि कुठल्या फाईलला कुठली किल्ली लागते ह्याची वही अ‍ॅपच्या खासगी कप्प्यात. ह्या तिन्हींपैकी एक जरी हललं तरी बाकीचं निरुपयोगी होतं. फाईली कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ आणि नंतर परत टाकू, हा मार्ग त्यामुळेच चालत नाही. अँड्रॉइड 11 पासून तर साध्या फाईल मॅनेजरला `Android/data` ह्या फोल्डरमध्ये शिरताही येत नाही. आणि शिरता आलं तरी हाती लागतात त्या किल्ली नसलेल्या पेट्या.

हे लक्षात घेतलं की पुढच्या चार गोष्टी का करायच्या नाहीत ते आपोआप कळतं.

अ‍ॅप `Uninstall` करायचं नाही. त्यात फाईली, किल्ल्या, वही सगळं एकदम जातं. डाऊनलोड मेमरी कार्डावर असले तरी अ‍ॅपच्या नावाचं तिथलं फोल्डर फोन स्वतःच पुसून टाकतो. कार्डावर आहेत म्हणून वाचतील असं समजणारे बरेच जण भेटतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

`Clear storage` किंवा `Clear data` दाबायचं नाही. परिणाम तोच, फक्त अ‍ॅपचं चिन्ह जागेवर राहतं. शाओमीच्या फोनवर इथे विशेष जपा. तिथे खाली एकच `Clear data` असं बटण असतं आणि ते दाबल्यावर पुढे `Clear all data` आणि `Clear cache` असे दोन पर्याय येतात. घाईत वरचा दाबला जातो आणि मग काही करता येत नाही.

लॉगआउट करायचं नाही. अ‍ॅप अधूनमधून उघडत असेल तर हा मोह होतो. बऱ्याच सेवा खातं बाहेर पडताच त्या खात्याचे डाऊनलोड पुसतात.

चौथी गोष्ट फसवी आहे. काही स्ट्रीमिंग अ‍ॅप्स फोनबरोबर कंपनीनेच टाकून दिलेली असतात. त्यांच्या माहितीच्या पानावर तीन ठिपक्यांमागे `Uninstall updates` असतं. नाव वाचून वाटतं, फक्त अपडेट मागे जाईल, अगदी हवं तेच. पण फोन अ‍ॅपला कारखान्यातल्या मूळ अवस्थेत नेतो आणि सगळा डेटा काढून टाकतो. पुढे येणाऱ्या सूचनेत तसं लिहिलेलंही असतं, पण ती सूचना वाचतो कोण?

जुनी आवृत्ती कुठल्यातरी साइटवरून आणून वरून टाकण्याबद्दलही विचारलं जातं. नव्यावर जुनं बसवायला अँड्रॉइड नकार देतो, त्यामुळे आधी नवं काढावं लागतं, म्हणजे पुन्हा `Uninstall`. काही युक्त्या करून डेटा ठेवून जुनं बसवलं तरी नव्या आवृत्तीने ती वही नव्या पद्धतीने लिहायला घेतलेली असते. जुन्या अ‍ॅपला ती वाचता येत नाही आणि ते तिथेच बंद पडतं.

तीन आकडे

काकांच्या फोनवर मी पहिल्यांदा काहीच दुरुस्त केलं नाही, फक्त पाहिलं. अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरलं, `App info` उघडलं, आणि `Storage & cache` मध्ये गेलो. सॅमसंगवर ह्याचं नाव नुसतं `Storage` असतं. तिथे तीन आकडे दिसतात: अ‍ॅपचा स्वतःचा आकार, `User data` आणि `Cache`.

काकांचे आकडे असे होते. अ‍ॅप 158 एमबी. `User data` 8.9 जीबी. `Cache` 640 एमबी.

गाणी 8.9 जीबीच्या रकान्यात आहेत, हे उघड आहे. नुसती सेटिंग आणि खात्याची माहिती एवढी जागा घेत नाही. म्हणजे गाणी अजून शाबूत आहेत आणि `Cache` पुसला तरी त्यांना धक्का लागणार नाही. हा मुद्दा प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर तपासून घ्यावा, कारण क्वचित एखादं अ‍ॅप डाऊनलोडसुद्धा कॅशच्या कप्प्यात ठेवतं. `User data` जेमतेम शंभर-दोनशे एमबी आणि `Cache` मात्र कित्येक जीबी, असं दिसलं तर थांबा. `Clear cache` सुरक्षित असतं ही सर्वसाधारण समजूत तिथे तुमचं नुकसान करील.

दोन्ही आकडे लहान दिसत असतील तर डाऊनलोड मेमरी कार्डावर आहेत का ते आठवा. कार्डावरच्या फाईली ह्या पानावर मोजल्या जातीलच असं नाही. तसं असेल तर दुरुस्ती संपेपर्यंत कार्ड बाहेर काढू नका.

ह्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढची प्रत्येक पायरी केली की परत इथे यायचं आणि `User data` चा आकडा तोच आहे ना ते पाहायचं. तो जोवर हलत नाही तोवर गाणी सुरक्षित आहेत. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत हीच सवय सर्वांत मोलाची.

विमान मोडमध्ये एकदा उघडून पाहणं

आता `Force stop` करायचं. त्याने काही पुसलं जात नाही, चालू असलेलं अ‍ॅप फक्त पूर्ण बंद होतं. मग विमान मोड चालू करायचा, वायफाय बंद आहे ह्याची खात्री करायची, आणि अ‍ॅप उघडायचं.

कारण साधं आहे. उघडताच अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरकडून पहिलं पान मागवतं: नवी गाणी, शिफारशी, जाहिराती. नव्या आवृत्तीला त्यातलं काहीतरी पचलं नाही तर ते कोसळतं. नेट नसेल तर ते पान मागवलंच जात नाही आणि पुष्कळ अ‍ॅप्स सरळ डाऊनलोडच्या यादीवर येतात. विमान मोडमध्ये अ‍ॅप उघडलं तर दोष फोनमध्ये नाही, वरून येणाऱ्या मजकुरात आहे. मग पुढची दुरुस्ती आपल्या हातात नसते, पण तिची गरजही उरत नाही. नेट बंद ठेवून गाणी ऐकत राहायची आणि नवं अपडेट येण्याची वाट पाहायची.

काकांचं अ‍ॅप विमान मोडमध्येही तसंच कोसळलं, त्याच जागी, तेवढ्याच वेळात. म्हणजे दोष आतला होता.

काकांच्या फोनचं दुखणं

इथवर आल्यावर माझी नजर एका आकड्यावर गेली, जो खरं तर आधीच पाहायला हवा होता. सेटिंगमध्ये `Storage` चं मुख्य पान उघडलं. फोन 64 जीबीचा, आणि रिकामी जागा 180 एमबी.

अपडेट झालेलं अ‍ॅप पहिल्यांदा उघडतं तेव्हा ते बऱ्याचदा आपली वही नव्याने लिहून काढतं. जुन्या रकान्यांत नवे रकाने घालायचे, नोंदी एका तक्त्यातून दुसऱ्यात न्यायच्या, असं ते काम असतं. ते करताना काही काळ जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती ठेवायला जागा लागते. जागा पुरली नाही तर काम अर्ध्यावर सुटतं, बदल मागे घेतले जातात आणि अ‍ॅप बंद पडतं. पुढच्या वेळी उघडलं की परत पहिल्यापासून तेच. म्हणून दहा वेळा उघडलं तरी दहाही वेळा एकाच ठिकाणी बंद पडतं. ह्यात दिलासा एवढाच की बदल मागे घेतले गेल्यामुळे जुनी वही बहुधा धड राहते.

माझा अंदाज बरोबर आहे का ते लॅपटॉप जोडून पाहिलं. तुमच्याकडे ही सोय नसेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा, काही अडणार नाही. फोनच्या `Developer options` मध्ये `USB debugging` चालू करायचं, केबल जोडायची, अ‍ॅप एकदा कोसळू द्यायचं आणि लगेच हा आदेश द्यायचा:

```
adb logcat -b crash -d
```

हा आदेश फक्त वाचतो, फोनमध्ये काही बदलत नाही. येणाऱ्या मजकुरात `FATAL EXCEPTION` अशी ओळ शोधायची. तिच्याखाली `Process` पुढे आपल्याच अ‍ॅपचं नाव आहे ना पाहायचं, आणि मग कारणाची ओळ वाचायची. काकांच्या फोनवर ती अशी होती:

```
android.database.sqlite.SQLiteFullException: database or disk is full (code 13 SQLITE_FULL)
```

जागा संपली आहे, एवढंच ती सांगते.

आता जागा कुठून काढायची? पुष्कळ जण इथे फोनमधलं साफसफाईचं अ‍ॅप चालवतात. मी ते टाळतो, कारण ते नेमकं काय पुसणार ह्यावर आपला ताबा राहत नाही. डाऊनलोडशी ज्याचा काही संबंध नाही अशा जागेपासून सुरुवात करावी. आपल्याकडे ती जागा ठरलेली असते: व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ. काकांच्या फोनवर ते `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Video` ह्या फोल्डरमध्ये 3.1 जीबी भरले. ह्या फोल्डरला `Android/data` सारखी बंदी नाही, त्यामुळे ते केबलने लॅपटॉपवर उतरवता येतात. उतरवले, दोन-तीन व्हिडिओ लॅपटॉपवर चालवून पाहिले, नातीच्या वाढदिवसाचा काकांना दाखवला, आणि मगच फोनवरचे काढले. फोनच्या गॅलरीतल्या कचरापेटीत गेलेल्या गोष्टी जागा धरून बसतात, तीही रिकामी केली.

रिकामी जागा तीन जीबीच्या वर गेली. किती जागा पुरते, ह्याला ठरलेलं माप नाही. पण एक जीबीच्या खाली असताना मी पुन्हा प्रयत्न करत नाही, दोन-तीन जीबी झाले की करतो.

मग फोन बंद करून चालू केला. विमान मोड तसाच ठेवला. अ‍ॅप उघडलं आणि काकांना सांगितलं, आता कोणी हात लावायचा नाही.

हे क्षण अवघड असतात. अ‍ॅपचा लोगो आला आणि तिथेच थांबला. अर्धा मिनिट झाला. काका माझ्याकडे पाहू लागले. शेकडो गाण्यांची वही नव्याने लिहायला वेळ लागतो, आणि जुन्या फोनची मेमरी भरलेली असली की आणखी लागतो. अशा वेळी "हँग झालं" म्हणून लोक अ‍ॅप बंद करतात आणि काम परत अर्ध्यावर तोडतात. अ‍ॅप प्रतिसाद देत नाही अशी सूचना आली तर `Wait` दाबा, `Close app` नको. दीड मिनिटाच्या आसपास काळी स्क्रीन उजळली आणि डाऊनलोडची यादी आली. काकांनी पहिलाच अभंग लावला. नेट बंद असताना तो वाजला, म्हणजे फाईल, किल्ली आणि वही तिन्ही जागेवर होत्या. `User data` पाहिलं: 8.9 जीबी.

जागा भरपूर असूनही अ‍ॅप कोसळत असेल तर

सगळ्यांचं दुखणं काकांचंच असेल असं नाही. जागा पुरेशी असेल तर पुढे `Clear cache`, पण तीन आकडे पाहूनच. जुन्या आवृत्तीने साठवलेली चित्रं आणि पानं नव्या आवृत्तीला वाचता आली नाहीत तर ह्याने प्रश्न सुटतो. बटणावर शब्दशः `Clear cache` हेच लिहिलं आहे ना, हे दाबण्याआधी परत वाचा. शेजारचं बटण वेगळं आहे.

त्याने भागलं नाही तर एक प्रश्न स्वतःला विचारा: फक्त हेच अ‍ॅप कोसळतंय, की आज बँकेचं किंवा मेलचं अ‍ॅपही असंच करतंय? अनेक अ‍ॅप्स एकाच दिवशी बिघडली असतील तर संशय `Android System WebView` वर घ्या. हा अँड्रॉइडचा सामायिक भाग आहे. अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवायचं असलं, म्हणजे लॉगिन, जाहिरात, वर्गणीचं पान, की अ‍ॅप्स ह्याचाच वापर करतात. मार्च 2021 मध्ये ह्याच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर अँड्रॉइडवरची अ‍ॅप्स धडाधड बंद पडली होती. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोम ह्यांची सुधारित आवृत्ती दिल्यावर ती सावरली. त्या दिवशी अ‍ॅप काढून परत टाकणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही, कारण दोष त्या अ‍ॅपमध्ये नव्हताच. डाऊनलोड मात्र फुकट गेले.

इलाज असा. प्ले स्टोअरमध्ये `Android System WebView` शोधा आणि अपडेट असेल तर करा, पाठोपाठ क्रोमचंही करा. शोधात सापडलं नाही तर सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत `Show system` करून वेबव्ह्यूचं पान उघडा आणि तळाशी जाऊन `App details` दाबा. सगळ्यात नवी आवृत्तीच गोंधळ घालत असेल तर वेबव्ह्यूच्या पानावर तीन ठिपक्यांमागे `Uninstall updates` दिसतं का पाहा आणि दिसलं तर ते वापरा. हेच बटण वर मी निषिद्ध सांगितलं आहे, हे माझ्या लक्षात आहे. फरक कुठल्या पानावर ते दाबतो ह्यात आहे. वेबव्ह्यूच्या पानावर दाबलं तर डेटा जातो तो वेबव्ह्यूचा, तुमच्या गाण्यांच्या अ‍ॅपचा नाही. म्हणून दाबण्याआधी पानाच्या डोक्यावरचं नाव मोठ्याने वाचा. मी अजूनही वाचतो.

फोनची तारीख आणि वेळ आपोआप लावलेली आहे ना, तेही एकदा पाहून घ्या. बॅटरी पूर्ण उतरून फोन बराच काळ बंद राहिला असेल तर घड्याळ भलत्याच वर्षावर गेलेलं असू शकतं. मग डाऊनलोडच्या किल्ल्यांची मुदत संपली असं अ‍ॅप समजतं.

सेफ मोडचा सल्ला बरेच जण देतात. तो इथे उपयोगाचा नाही, कारण सेफ मोडमध्ये आपण टाकलेली अ‍ॅप्स चालतच नाहीत. कोसळणारं अ‍ॅपही नाही.

अ‍ॅप बदलायचं, डेटा ठेवायचा

कधीकधी अपडेट उतरतानाच नेट तुटतं आणि अ‍ॅपची बसवणीच अर्धवट राहते. पावसात वीज गेली की टॉवर जातो, आणि आपल्याकडे जूनपासून हे रोजचंच. अशा वेळी अ‍ॅप नव्याने बसवायला हवं, पण डेटा न घालवता.

पहिला मार्ग वाट पाहण्याचा. प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपचं पान रोज एकदा उघडा. `Update` दिसलं की करा. अपडेट आधीच्या अ‍ॅपवर बसतं आणि डेटा तसाच ठेवतं, त्यामुळे `Update` कधीही दाबायला हरकत नाही. थांबायचं असेल तर त्याच पानावर खाली विकसकाचा ईमेल असतो, तिथे फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, अ‍ॅपची आवृत्ती आणि शक्य असेल तर वरची कारणाची ओळ पाठवा. नुसतं "चालत नाही" लिहिण्यापेक्षा ती एक ओळ त्यांना फार उपयोगी पडते.

दुसरा मार्ग अँड्रॉइड 15 पासून फोनमध्येच आहे. `App info` च्या पानावर `Archive` असं बटण दिसतं. ते अ‍ॅपचा सांगाडा आणि कॅश काढतं, पण `User data` ठेवतं. होम स्क्रीनवर चिन्ह राहतं आणि त्यावर बोट लावलं की अ‍ॅप प्ले स्टोअरमधून ताजं उतरतं. सांगाडा तुटलेला असेल तर हा नेमका इलाज आहे. तरी मी तो शेवटाकडे ठेवतो. वहीतच गडबड असेल तर ताजं अ‍ॅपही तीच वही उघडून परत कोसळेल. शिवाय हे चांगल्या वायफायवर असतानाच करावं. केरीला बसून अ‍ॅप अर्काइव्ह केलं आणि परत उतरवायला रेंजच नाही, असं व्हायला नको.

आयफोनवर ह्याचाच भाऊ म्हणजे `Offload App`. तो `Settings`, मग `General`, मग `iPhone Storage` मध्ये अ‍ॅपच्या नावावर मिळतो. तो अ‍ॅप काढतो आणि `Documents & Data` ठेवतो. तिथेही आधी आकडा पाहायचा: डाऊनलोड ज्या मापाचे आहेत ते माप `Documents & Data` मध्ये दिसलं पाहिजे. त्याच्याच खाली `Delete App` असतं. त्याने सगळं जातं.

अ‍ॅप उघडल्यानंतर

अ‍ॅप सुरू झालं म्हणून लगेच जुन्या सवयीने कुळागरात नेऊ नका. आधी वायफायवर पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवा. किल्ल्यांना मुदत असते आणि ती नेटवरूनच वाढते. स्पॉटिफायचा नियम असा की 30 दिवसांत निदान एकदा ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर डाऊनलोड वाजत नाहीत. सिनेमाच्या सेवांमध्ये ही मुदत त्याहून बरीच कमीही असते. दुरुस्तीत आठ-दहा दिवस गेले असतील तर काही नावं फिकट दिसतील. त्यांच्या फाईली गेलेल्या नसतात, फक्त किल्ली जुनी झालेली असते. ती यादी पुसून नव्याने डाऊनलोड करण्याआधी अ‍ॅपला नेटवर थोडा वेळ द्या.

आणि खरोखरच सगळे उपाय थकले तर? मग अ‍ॅप काढावंच लागतं. पण त्याआधी त्याच खात्याने कॉम्प्युटरवर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर लॉगिन करून गाण्यांच्या याद्या जागेवर आहेत का ते पाहा. याद्या खात्याबरोबर राहतात, फोनबरोबर नाही. कुठल्याच यादीत नसताना सुटं डाऊनलोड केलेलं काही आठवत असेल ते कागदावर लिहून घ्या. आणि हिशोब करा. काकांचे 8.9 जीबी दिवसाला 1.5 जीबीच्या प्लॅनवर उतरवायचे तर सहा दिवस लागले असते, तेही केरीत तेवढी रेंज मिळाली असती तर. म्हणून अ‍ॅप काढायचं ते वायफायच्या घरी पोचल्यावर, घरून निघण्याआधी नाही.

काकांच्या फोनवर जाता जाता एक बदल करून दिला. प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर, वरच्या तीन ठिपक्यांमागे `Enable auto update` ची खूण काढली. आता ते फक्त फोंड्याला मुलाकडे गेल्यावर, आधी रिकामी जागा पाहून, हाताने अपडेट करतात. अपडेट झाल्यावर विमान मोड लावून एक अभंग वाजवून पाहतात. वाजला तरच केरीची बस धरतात. थिवीं किंवा मडगावहून कोकण रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. रत्नागिरीजवळचा एकटा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. ही तपासणी गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी घरच्या वायफायवर व्हायला हवी, म्हणजे काही बिघडलं तर ते दुरुस्त करायला एक रात्र हाताशी राहते.